एकच शेड, चार लॉट: रंगातला फरक मोजण्याचे गणित

सुती टेरी टॉवेलची ऑर्डर एकाच रंगाची असली, तरी सगळा माल एका वेळी रंगत नाही. तीन टन मालाची ऑर्डर असेल आणि रंगाईचे यंत्र ३०० किलोचे असेल, तर तोच रंग दहा वेळा, दहा लॉटमध्ये करावा लागतो. प्रत्येक लॉटसाठी रंगांचे वजन पुन्हा होते, पाणी पुन्हा भरले जाते, मीठ आणि सोडा पुन्हा पडतो. दहाही लॉट तंतोतंत सारखे निघणे अवघड असते. सोलापूरसारख्या टॉवेलच्या गावात किंवा इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये हे कोणालाच नवे नाही. लॉटमध्ये फरक पडणार हे धरूनच चाललेले असते. तो किती पडला आणि किती चालेल, यावर मात्र माल जातो किंवा परत येतो.

टॉवेलच्या बाबतीत हा प्रश्न जास्त टोकदार होतो, कारण टॉवेल संचाने विकले जातात. आंघोळीचा मोठा टॉवेल, हात पुसायचा मधला आणि तोंड पुसायचा लहान, असे तिन्ही दुकानाच्या फळीवर एकमेकांना लागून ठेवलेले असतात. मोठे टॉवेल एका लॉटचे आणि लहान दुसऱ्या लॉटचे असले, तर वेगवेगळे पाहताना कधी जाणवला नसता असा फरक शेजारी ठेवल्याबरोबर डोळ्यांत भरतो.

त्यातही बेज, राखाडी, खाकी असे मवाळ रंग सर्वांत त्रासदायक असतात. भडक लाल किंवा मोरपंखी रंग सहसा एखाद-दुसऱ्या रंगद्रव्याच्या जोरावर होतो. तो थोडा कमी-जास्त झाला तर फिका-गडद होतो, पण राहतो लालच. बेज मात्र पिवळा, लाल आणि निळा अशा तीन रंगांच्या तोलावर उभा असतो आणि तिघांचीही मात्रा अगदी थोडी असते. समजा, निळ्याचे प्रमाण कापडाच्या वजनाच्या ०.०३ टक्के आहे. ३०० किलोच्या लॉटला तो फक्त ९० ग्रॅम लागतो. वजन करताना नऊ ग्रॅम जास्त पडले की निळा दहा टक्क्यांनी वाढला आणि बेजवर हिरवट-राखाडी झाक आली. पाण्याचा जडपणा, सोडा घालण्याची वेळ, कापसाचा बदललेला लॉट, अपुरी धुलाई ही कारणेही अशाच रीतीने तोल बिघडवतात.

हा फरक पूर्वी रंगाई मास्टर खिडकीपाशी कापड धरून ठरवत असे. मास्टरचा डोळा आजही कमी दर्जाचा नाही. दोन तुकडे शेजारी ठेवले तर अनुभवी डोळा फार बारीक फरक पकडतो. त्याची अडचण वेगळी आहे. सकाळचा डोळा आणि रात्रपाळीचा डोळा सारखा नसतो, खिडकीतला उजेड दर तासाला बदलतो, आणि ‘किंचित लाल’ म्हणजे किती लाल, हे हजारो किलोमीटर दूर बसलेल्या बायरला फोनवर सांगता येत नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर ही तिन्ही कामे करतो.

या यंत्राचे तत्त्व साधे आहे. त्याच्या आत पांढऱ्या लेपाचा एक पोकळ गोल असतो. दिव्याचा प्रकाश त्या गोलात सर्व बाजूंनी पसरतो आणि गोलाच्या तोंडाशी दाबून धरलेल्या कापडावर पडतो. कापडावरून परतलेला प्रकाश, पृष्ठभागाच्या लंबरेषेशी आठ अंशांचा कोन करून, टिपला जातो आणि त्याच्या तरंगलांबीनुसार चिरफळ्या केल्या जातात. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दृश्य पट्ट्यात दर दहा नॅनोमीटरला एक, अशा ३१ ठिकाणी कापडाने किती टक्के प्रकाश परत पाठवला याची नोंद होते. या ३१ आकड्यांतून निघणारी वक्ररेषा म्हणजे त्या कापडाची परावर्तन-रेषा. आपोआप अशी रेषा काढणारे यंत्र अमेरिकेत एमआयटीमध्ये आर्थर हार्डी यांनी १९३०च्या दशकात बनवले, तेव्हा ते एका टेबलाएवढे होते.

परावर्तन-रेषा ही कापडाची गोष्ट झाली. रंग मात्र कापड, उजेड आणि पाहणारा डोळा या तिघांच्या मिळून ठरतो. म्हणून यंत्राशी जोडलेला संगणक त्या ३१ आकड्यांना दोन तक्त्यांनी गुणतो. एक तक्ता उजेडाचा असतो. दिवसाच्या सरासरी उजेडाचे प्रमाणक म्हणून डी६५ वापरतात, युरोपातल्या दुकानांच्या ट्यूबसाठी टीएल८४ आणि घरातल्या पिवळ्या बल्बसाठी ए. दुसरा तक्ता ‘प्रमाणित निरीक्षका’चा, म्हणजे सरासरी मानवी डोळा कोणत्या तरंगलांबीला किती प्रतिसाद देतो त्याचा असतो. सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने असा पहिला तक्ता १९३१ साली दिला आणि डोळ्याचे जास्त मोठे क्षेत्र धरून दुसरा १९६४ साली. कापडाच्या धंद्यात हा दुसरा, दहा अंशांचा निरीक्षक चालतो. एका प्रयोगशाळेने दोन अंशांचा तक्ता निवडलेला असेल आणि दुसरीने दहाचा, तर एकाच तुकड्याचे दोन वेगळे रंग कागदावर उमटतात. भांडण सुरू होण्यापूर्वी पाहण्याची पहिली गोष्ट हीच असते.

या गणितातून शेवटी तीन आकडे हाती येतात. L* म्हणजे उजळपणा. तो काळ्यासाठी शून्य आणि पांढऱ्यासाठी १००. a* अधिक असेल तर रंग लालकडे झुकतो, उणे असेल तर हिरव्याकडे. b* अधिक म्हणजे पिवळ्याकडे आणि उणे म्हणजे निळ्याकडे. सीआयईने १९७६ साली ठरवलेला हा त्रिमितीय नकाशा. त्यात प्रत्येक रंग एक बिंदू असतो आणि दोन रंगांमधले सरळ अंतर म्हणजे त्यांच्यातला फरक, ΔE. a* आणि b* ऐवजी तोच बिंदू भडकपणा आणि छटा या भाषेतही सांगता येतो: राखाडीपासून रंग किती दूर आहे तो भडकपणा, C*, आणि कोणत्या दिशेला आहे ती छटा. रंगाई मास्टरला हीच भाषा जवळची वाटते, कारण ‘फिका’, ‘मळकट’, ‘लाल झाक’ या त्याच्या तिन्ही तक्रारी उजळपणा, भडकपणा आणि छटा यांतल्या फरकांशी, म्हणजे ΔL, ΔC आणि ΔH यांच्याशी जुळतात.

मोजणीआधी कापडाची तयारी नीट झाली नाही तर पुढचे सगळे गणित वाया जाते. वाळवणी यंत्रातून नुकताच निघालेला गरम, कोरडाठक्क तुकडा लगेच मोजला तर त्याचा रंग तासाभराने मोजलेल्या रंगापेक्षा वेगळा येतो, कारण सुताने हवेतला ओलावा अजून घेतलेला नसतो आणि काही रंगद्रव्ये उष्णतेनेही तात्पुरती बदलतात. म्हणून नमुना २० अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत काही तास ठेवण्याची पद्धत आहे. त्यानंतर कापडाच्या घड्या घालतात, मागचा धारक कापडातून दिसणार नाही इतक्या. साध्या कापडाच्या चार घड्या बहुधा पुरतात. टेरीत आणखी एक भानगड असते. तिचे फंदे एका बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे तोच टॉवेल उलट दिशेने धरला तर जास्त गडद दिसतो. त्यावर उपाय म्हणून मोठ्या व्यासाचे तोंड वापरतात, फंदे एका दिशेने हाताने बसवतात, आणि तुकडा दर वेळी काटकोनात फिरवून निदान चार ठिकाणी मोजून सरासरी घेतात.

ही सरासरी कितपत भरवशाची आहे हे तपासायला एक सोपी कसोटी पुरते. तोच तुकडा काढायचा, पुन्हा घडी घालायचा, पुन्हा चार ठिकाणी मोजायचा, असे दहा वेळा करायचे. दहा सरासऱ्यांमध्ये ΔE ०.३पर्यंत चढउतार दिसत असेल, तर त्या कापडाबाबत ०.३पेक्षा लहान फरकाविषयी बोलण्यात अर्थ नाही. यंत्र स्वतः पांढऱ्या टाइलवर याहून कितीतरी अचूक असते. चढउतार येतो तो कापड मांडण्याच्या रीतीतून. नवे यंत्र घेतले की आकडे आपोआप खरे होतात, हा समज इथे मोडतो.

तरीही १९७६च्या ΔEवर थेट मर्यादा बांधता येत नाही. त्याचे कारण डोळ्यात आहे. कोडॅक कंपनीतले डेव्हिड मॅकॅडम यांनी १९४२ साली दाखवून दिले की, डोळ्याला सारखे वाटणारे रंग रंगांच्या नकाशावर वर्तुळात बसत नाहीत, लंबवर्तुळात बसतात, आणि हे लंबवर्तुळ प्रत्येक रंगापाशी वेगळ्या आकाराचे आणि वेगळ्या दिशेचे असते. पुढे १९७६चा नकाशा आला तरी हा वाकडेपणा पूर्ण गेला नाही. राखाडीच्या आसपास डोळा अतिशय चिकित्सक असतो, तर भडक रंगांत भडकपणातला बराच फरक तो सोडून देतो. छटेतला फरक जवळपास सगळीकडेच त्याला खटकतो, उजळपणातला तितका खटकत नाही.

यावरचा व्यवहारी तोडगा शिवणाच्या दोऱ्याच्या धंद्यातून आला. जे. अँड पी. कोट्स ही स्कॉटलंडची दोऱ्याची जुनी कंपनी. दोरा कापडाशी जुळला नाही तर शिवण लगेच उठून दिसते, म्हणून रंग जुळवण्याची गरज त्यांच्याइतकी फार थोड्यांना होती. त्यांच्या निवाड्यांवरून रोडरिक मॅक्डोनाल्ड यांनी एक सूत्र बसवले. त्याचीच सुधारलेली आवृत्ती इंग्लंडमधल्या सोसायटी ऑफ डायर्स अँड कलरिस्ट्सच्या रंगमापन समितीने, म्हणजे सीएमसीने, स्वीकारली आणि ती १९८४ साली प्रसिद्ध झाली. आज कापडाच्या ऑर्डरवर ‘सीएमसी २:१’ असे लिहिलेले असते ते हेच सूत्र. २००१ साली सीआयईने त्याहून नवे सूत्र दिले, तरी कापडाच्या धंद्यात सीएमसी रुळलेले आहे.

सीएमसीची युक्ती अशी: तीन फरक थेट न वापरता प्रत्येकाला त्या-त्या रंगापाशी डोळा किती सूट देतो त्या आकड्याने भागायचे, मग वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ.

```
ΔE = √[ (ΔL / 2·SL)² + (ΔC / SC)² + (ΔH / SH)² ]
```

SL, SC आणि SH हे सुटीचे आकडे. ते मूळ नमुन्याच्या रंगावरून सूत्र स्वतः काढते. उजळपणाच्या सुटीला दोनने गुणलेले आहे, ‘२:१’मधला दोन तो हाच. कापडात उजळपणातला फरक लोक दुपटीने चालवून घेतात, या अनुभवावर तो बसवलेला आहे.

आता बेज टॉवेलचे उदाहरण घेऊ. बायरने मंजूर केलेल्या मूळ नमुन्याचा रंग डी६५ उजेडात L* ६८, भडकपणा १५ आणि छटेचा कोन ८० अंश आहे. हा पिवळ्याच्या जवळचा, किंचित लालकडे झुकलेला मवाळ रंग. या ठिकाणी सूत्रातून येणाऱ्या सुटी अशा: उजळपणात २.५३, भडकपणात १.४४ आणि छटेत फक्त ०.७७. म्हणजे टॉवेल उजळपणात अडीच एककांनी हलला तर जेवढा खटकेल, तेवढाच तो छटेत पाऊण एककाने हलल्यावर खटकेल.

पहिला लॉट नमुन्यापेक्षा १.२० एककांनी उजळ, ०.३० ने कमी भडक आणि छटेत ०.२० ने पिवळ्याकडे निघाला. साध्या १९७६च्या सूत्राने त्याचा ΔE १.२५ येतो. दुसरा लॉट ०.३० ने गडद, ०.१० ने भडक, पण छटेत ०.९५ ने लालकडे. त्याचा साधा ΔE १.००. जुन्या हिशेबाने दुसरा लॉट नमुन्याच्या जास्त जवळ ठरतो. सीएमसीने मोजले तर पहिल्याचा आकडा ०.५८ आणि दुसऱ्याचा १.२४. मर्यादा १.० असेल तर पहिला पास, दुसरा नापास. दोन्ही टॉवेल नमुन्याशेजारी ठेवून पाहिले तर बहुतेक डोळे सीएमसीच्याच बाजूने कौल देतील: पहिला थोडा फिका आहे पण त्याच घरातला, दुसऱ्यावर लाल झाक आली.

नापास म्हणून आकडा सांगून थांबायचे नसते. ΔEमधून किती चुकले ते कळते, कुठे चुकले ते कळत नाही. दुरुस्तीसाठी मास्टर ΔL, ΔC आणि ΔH वेगवेगळे पाहतो. दुसऱ्या लॉटच्या उजळपणात फारसे काही बिघडलेले नाही, लाल रंग पिवळ्या-निळ्याच्या मानाने जास्त चढलेला आहे. तेव्हा सरसकट सगळे रंग वाढवून काम होणार नाही. पिवळा आणि निळा अगदी थोडा वर द्यावा लागेल आणि त्याने L* किती खाली जाईल तेही पाहावे लागेल. लालचे वजन किंवा त्या रंगाचा नवा डबा तपासण्याची सूचनाही याच आकड्यांतून मिळते.

आता १.० ही मर्यादा आली कुठून? बरेच बायर आपल्या छापील नियमावलीत हा आकडा देऊन मोकळे होतात, काही ०.८ मागतात, आणि गिरणी ऑर्डरच्या घाईत सही करते. सुरुवात म्हणून १.० वाईट नाही, पण कोणत्याही रंगाला आणि कोणत्याही पोताला तो लागू पडेलच असे नाही. नीट ठरवायचे तर डोळ्यांची साक्ष काढावी लागते. त्यासाठी त्याच रंगाच्या मागच्या लॉटमधले साधारण ५०-६० तुकडे निवडतात, त्यांत उघड पास, उघड नापास आणि काठावरचे असे सगळे येतील याची काळजी घेतात. बायरची माणसे आणि गिरणीची माणसे मिळून ते तुकडे प्रकाशपेटीत, करड्या रंगाच्या पार्श्वभूमीवर, मूळ नमुन्याला चिकटवून पाहतात आणि ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढेच लिहितात. यंत्राचे आकडे त्यांना दाखवलेले नसतात. परीक्षकांची रंगदृष्टी आधी तपासली जाते. त्यासाठी वापरली जाणारी एक प्रसिद्ध कसोटी ‘१०० ह्यू’ या नावाची आहे, जरी तिच्यात मांडायच्या रंगीत टोप्या ८५च असतात.

हीच पाहणी दुसऱ्या दिवशी तुकड्यांचा क्रम बदलून पुन्हा केली, तर एकच माणूस काही तुकड्यांबाबत आपलाच निर्णय फिरवतो. हे डोळ्याच्या कामात ठरलेलेच आहे, आणि म्हणून एका माणसाऐवजी सगळ्यांचा बहुमताचा कौल धरतात. मग तेच तुकडे यंत्रावर मोजून प्रत्येकाच्या सीएमसी आकड्यापुढे कौल लिहितात. मर्यादा ०.७ ठेवली तर डोळ्यांनी पास केलेले किती तुकडे यंत्र नापास करते, १.२ ठेवली तर डोळ्यांनी नाकारलेले किती तुकडे यंत्र सोडते, अशी मोजदाद केली की ज्या आकड्यापाशी दोन्ही मिळून चुका सर्वांत कमी होतात तो समोर येतो. तोच मर्यादेचा पाया.

दोन्ही चुकांची किंमत मात्र सारखी नसते. चांगला लॉट नापास झाला तर भुर्दंड गिरणीला बसतो: पुन्हा रंगाई, पाणी, वाफ आणि उशीर. वाईट लॉट पास झाला तर दुकानात तो बायरच्या गळ्यात पडतो. म्हणून बायर मर्यादा खाली ओढतो आणि गिरणी वर ढकलते. दोघांच्या ओढाताणीला एक तळ असतो, आणि तो कापडाच्या मोजणीतल्या चढउताराचा. टेरीवर मोजणीच ०.३ने हलत असेल, तर ०.५ची मर्यादा म्हणजे निम्मा निर्णय घडी घालणाऱ्याच्या हातावर सोडणे. तसेच गिरणीचे यंत्र आणि बायरचे यंत्र एकाच टाइलवर किती वेगळे आकडे देतात हेही पाहावे लागते. म्हणून काही ठिकाणी गिरणीत आतली मर्यादा बायरच्या मर्यादेपेक्षा थोडी कडक ठेवतात, १.० साठी ०.८ अशी, म्हणजे यंत्रा-यंत्रातला फरक पोटात सामावतो.

इथवरचे सगळे गणित लॉट आणि मूळ नमुना यांच्यातले आहे. ग्राहक मात्र मूळ नमुना कधीच पाहत नाही. तो लॉटशेजारी लॉट पाहतो. याच बेज रंगाचा तिसरा लॉट घ्या: ०.५० ने गडद, ०.२० ने भडक, छटेत ०.६५ ने लालकडे. सीएमसी ०.८७, पास. चौथा लॉट ०.५० ने उजळ, ०.२० ने मळकट, छटेत ०.६० ने पिवळ्याकडे. सीएमसी ०.८१, तोही पास. दोघांमधला फरक मोजला तर तो सुमारे १.७ भरतो. मर्यादेच्या आत बसलेले दोन लॉट एकमेकांशेजारी ठेवण्याजोगे नाहीत. मर्यादा १.० म्हणजे दोन पास लॉट एकमेकांपासून जवळजवळ २.० इतके दूर असू शकतात, आणि टॉवेलच्या संचात याच फटीतून तक्रारी येतात.

ही फट बुजवण्यासाठी मर्यादा निम्म्यावर आणणे हा उपाय महागडा, आणि टेरीत तर अशक्यच. त्यापेक्षा पास झालेले लॉट गटांत वाटणे सोपे. फ्रेडरिक सायमन यांनी १९६१ साली सुचवलेल्या ५५५ पद्धतीत रंगांच्या नकाशावर ठोकळे आखतात. मूळ नमुना मधल्या ठोकळ्यात, त्याचा क्रमांक ५५५. पहिला अंक उजळपणाचा, दुसरा भडकपणाचा, तिसरा छटेचा. एखाद्या दिशेला एक ठोकळा पुढे गेले की तो अंक सहा होतो, मागे गेले की चार. बेजसाठी ठोकळा उजळपणात १.२, भडकपणात ०.८ आणि छटेत ०.६ एककांचा आखला, तर पहिला लॉट ६५५मध्ये पडतो, तिसरा ५५४मध्ये आणि चौथा ५५६मध्ये. दोघेही पास आहेत, पण एका संचात जाऊ नयेत हे तीन अंकी क्रमांकावरून पॅकिंगवाल्यालाही कळते. या ठोकळ्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर सीएमसीत १.०७ भरते, म्हणजे एका ठोकळ्यातले कोणतेही दोन लॉट एकमेकांना चालण्याजोगे. ठोकळ्याची मापे काढताना छटेची बाजू सर्वांत अरुंद ठेवलेली आहे ती सुटीच्या आकड्यांमुळेच. दोष एवढाच की, भिंतीच्या अलीकडे-पलीकडे पडलेले दोन जवळजवळ सारखे लॉट वेगळे पडतात. अशा वेळी लॉट छटेच्या क्रमाने रांगेत लावून शेजारचे लॉट एकत्र देतात.

डी६५मध्ये जमलेला माल दुसऱ्या उजेडात फुटतो, हीही नेहमीची तक्रार. एकाच रेसिपीने रंगवलेल्या लॉटमध्ये ती सहसा येत नाही. ऑर्डरच्या मध्यात एखादा रंग संपतो, दुसऱ्या कंपनीचा जवळचा रंग घेतला जातो, डी६५मध्ये ΔE ०.५ इतका छान जुळतो, आणि पिवळ्या बल्बखाली तोच लॉट हिरवट दिसतो. नमुना आणि लॉट यांच्या परावर्तन-रेषा एकमेकींवर ठेवल्या की कारण समजते: त्या समांतर नसतात, एकमेकींना तीन किंवा जास्त ठिकाणी छेदतात. एका उजेडात हे चढउतार एकमेकांना कापून जातात, दुसऱ्यात जात नाहीत. म्हणून ऑर्डरवर मर्यादा दोन-तीन उजेडांसाठी लिहिलेल्या असतात. मुख्य उजेडासाठी १.०, बाकीच्यांसाठी थोड्या सैल. मुख्य उजेड बायरच्या दुकानातला असायला हवा. दुकाने आता एलईडीवर गेली आहेत, आणि सीआयईने २०१८ साली एलईडी उजेडाचेही तक्ते दिले, पण जुन्या ऑर्डरच्या नमुन्यातले टीएल८४ अजून तसेच पुढे चालत आले आहे.

काही मालाला ही पद्धत पुरत नाही. पांढऱ्या टॉवेलमध्ये चमक आणणारे द्रव्य अतिनील प्रकाश घेऊन निळसर प्रकाश देते, म्हणून यंत्राच्या दिव्यातले अतिनील प्रमाण नेमके ठरवलेले नसेल तर दोन यंत्रांचे पांढरे जुळत नाहीत; तिथे शुभ्रतेचा वेगळा आकडा वापरतात. रंगीत ठिपक्यांच्या मेलांज सुतात यंत्र सगळ्या ठिपक्यांची सरासरी सांगते, ठिपके मोठे झाले की बारीक, ते सांगत नाही. नक्षीच्या जॅकार्ड टॉवेलमध्ये सपाट पट्टी आणि फंद्यांचा भाग वेगवेगळे मोजावे लागतात आणि मर्यादा कोणत्या भागाला आहे ते लिहावे लागते.

चांगल्या ऑर्डरच्या कागदावर म्हणून एका आकड्यापेक्षा बरेच काही असते: सूत्र आणि त्याचे प्रमाण, मुख्य आणि दुय्यम उजेड, दहा अंशांचा निरीक्षक, घड्यांची संख्या, किती ठिकाणची सरासरी, यंत्राच्या तोंडाचा व्यास, चकाकी धरायची की वगळायची, ठोकळ्यांची मापे. मूळ नमुन्याचे तुकडे दोन्ही पक्षांकडे काळ्या पाकिटात बंद असतात, कारण रोज हाताळलेला आणि उजेडात राहिलेला नमुना स्वतःच हळूहळू उडत जातो. दर सहा महिन्यांनी तो त्याच्या साठवलेल्या आकड्यांशी ताडून पाहतात, आणि ०.३पेक्षा जास्त हललेला असला तर नवा तुकडा काढतात. काठावरच्या लॉटसाठी, साधारण ०.९ ते १.१ यांमध्ये पडणाऱ्या, वेगळे कलम असते: तो प्रकाशपेटीत दोन्ही पक्षांच्या माणसांनी पाहायचा, आणि तिथे निर्णय डोळ्यांचा धरायचा.